सकाळी बंद, रात्री चालू: बेसातल्या टीव्हीचं साडेपाच तासांचं कोडं

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना निघालेली वाक्यं बऱ्यापैकी तशीच ठेवली आहेत. राउटरच्या पानावर जी नावं इंग्रजीत दिसतात ती इथेही इंग्रजीतच दिली आहेत, म्हणजे मोबाइल हातात घेऊन शोधताना सापडतील.)

आज पाहुणं कुणी नाही, मी एकटीच आहे, आणि विषय माझ्या घरचाच आहे. विषय तसा छोटा: राउटरवर लावलेला वेळेचा नियम आणि भलत्याच वेळी बंद पडणारा टीव्ही. पण या छोट्या गोष्टीपायी आमच्या घरात दोन माणसं तीन आठवडे एकमेकांशी नीट बोलत नव्हती. म्हणून म्हटलं, सांगूनच टाकू.

मी पुण्यात असते. आई, दादा, वहिनी आणि माझा भाचा नागपूरला, बेसाला. मनीषनगर ओलांडून पुढे गेलं की फ्लॅट स्कीमांचा जो पसारा सुरू होतो ना, तिथे. जुलैच्या मध्यावर आईचा फोन आला.

"अगं, सकाळी टीव्ही चालूनच नाही राहिला. इंटरनेट नाही म्हणते तो."

आई पाचला उठते. चहा, देवपूजा, आणि सहा वाजता टीव्हीवर यूट्यूब लावून अभंग नाहीतर कीर्तन. साडेसातपर्यंत तो तिचा वेळ, त्यात कुणी मध्ये येत नाही. आता ते बंद होतं, आणि दुपारी जेवून बसलं की टीव्ही एकदम ठीक. दादा-वहिनी सकाळी साडेनऊला बाहेर पडतात, संध्याकाळी सातला परत येतात. ते घरी आल्यावर बघतात तेव्हा टीव्ही छान सुरू असतो. त्यामुळे आईने सांगितलं की उत्तर एकच, "चालतो तर आहे की!"

मग आईने आवाज खाली केला. "मला वाटते दादानंच बंद करून ठेवला असन. सकाळी आवाज होते ना त्याले. मी काही बोलली नाही."

बघा, म्हणजे गोष्ट टीव्हीची राहिलीच नव्हती.

नियम काय होता?

मी दादाला फोन केला. तो म्हणाला, हो, नियम लावलाय, पण आईसाठी नाही. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात. भाचा नववीत गेला, आणि सुट्टीत रात्री दोन-दोन वाजेपर्यंत टीव्हीवर व्हिडिओ बघायची त्याला सवय लागली होती. म्हणून दादाने राउटरच्या `Parental Control` मध्ये जाऊन टीव्ही निवडला आणि रात्री १० ते सकाळी ६ इंटरनेट बंद असा नियम टाकला. सहाला आईचा कार्यक्रम सुरू व्हायचा, म्हणून त्याने मुद्दाम सहाच निवडले होते. "आईच्या वेळेला मी हातच नाही लावला," तो म्हणाला. आणि ते खरं होतं. मी नंतर तो नियम स्वतः पाहिला. १० ते ६, अगदी बरोबर लिहिलेला.

नियम बरोबर आणि टीव्ही चुकीच्या वेळी बंद. मग गडबड कुठे?

आधी हे ठरवा की दोष कुणाचा

मी रविवारी सकाळी आठ वाजता व्हिडिओ कॉल लावला, कारण त्या दिवशी सगळे घरी असतात आणि टीव्ही त्या वेळी बंद असतो. दोन साध्या गोष्टी करून पाहिल्या. तुमच्याकडे असं झालं तर तुम्हीही याच क्रमाने करा.

पहिली गोष्ट: वहिनीचा फोन घरच्याच वायफायवर ठेवून, मोबाइल डेटा बंद करून त्यावर यूट्यूब लावलं. चाललं. म्हणजे घरात इंटरनेट येतंय. टीव्हीच्या सेटिंगमध्ये मात्र वायफाय जोडलेलं दिसत होतं आणि खाली इंटरनेट नाही असा मजकूर. हे दोन एकत्र दिसलं की समजायचं, टीव्ही राउटरपर्यंत पोचतोय पण राउटर त्याला पुढे जाऊ देत नाहीये.

दुसरी गोष्ट: वहिनीच्या फोनचा हॉटस्पॉट सुरू करून टीव्ही त्याला जोडला. एका मिनिटात अभंग सुरू! आई लगेच सोफ्यावर सरकून बसली. ही चाचणी फार कामाची आहे. काही टीव्हींमध्ये स्वतःची वेळेची मर्यादा असते, काहींमध्ये मुलाच्या खात्याला लावलेली मर्यादा असते. ती असती तर हॉटस्पॉटवरही टीव्ही अडला असता. हॉटस्पॉटवर चालला, म्हणजे टीव्ही निर्दोष. अडवणारा राउटरच.

एक सूचना इथेच देते. घरात कधीकधी दोन डबे असतात: फायबर घरात येतं तो कंपनीचा डबा, आणि त्याला जोडलेला आपण विकत घेतलेला राउटर. दोन्हींवर नियम लावता येतात. आपल्या राउटरवर काहीच सापडलं नाही तर दुसऱ्या डब्याचं पानही उघडून बघा. आमच्याकडे एकच डबा होता, त्यामुळे हा प्रश्न आला नाही.

वेळा लिहून काढल्या

यानंतर लोक सहसा राउटर रीसेट करतात. छोट्या छिद्रात पिन घालायची आणि दहा सेकंद दाबून धरायची. कृपा करून ते करू नका. त्याने नियमही जातो, वायफायचा पासवर्डही जातो, आणि काही ठिकाणी इंटरनेटचं लॉगिनसुद्धा. वर कारण कळत नाहीच, म्हणजे पुन्हा नियम लावला की पुन्हा तेच.

मी आईला म्हटलं, तू फक्त एक कर. टीव्ही किती वाजता सुरू होतो ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिही. तीन दिवस. आईने लिहिलं: सोमवार साडेअकरा, मंगळवार अकरा पस्तीस, बुधवार साडेअकरा. मंगळवारी ती भाजी टाकायला गेली होती म्हणून पाच मिनिटं उशीर, हेही लिहिलं होतं!

म्हणजे टीव्ही रोज ठरलेल्या वेळी सुटत होता. बिघाड असा घड्याळ लावून येत नाही. आता तो बंद किती वाजता होतो हे हवं होतं, आणि ते सांगणारं कुणी नव्हतं, कारण आई नऊला झोपते आणि दादा-वहिनी अकराला.

त्या रात्री भाच्याचा व्हॉट्सअॅपवर मेसेज आला. "आत्या, साडेतीनला बंद होतो. पप्पांना नको सांगू ना."

तुला कसं माहीत, असं मी विचारलं नाही.

साडेपाच तास

आता हिशेब करा. नियम म्हणतो रात्री १० ला बंद. टीव्ही बंद होतो पहाटे साडेतीनला. नियम म्हणतो सकाळी ६ ला सुरू. टीव्ही सुरू होतो साडेअकराला. दोन्ही टोकांना फरक तेवढाच, साडेपाच तास. बंद राहण्याचा काळही नियमाएवढाच, आठ तास. नुसता सरकलेला.

साडेपाच तास म्हटलं की आपल्याला एकच गोष्ट आठवायला हवी. भारताची प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या, म्हणजे यूटीसीच्या, साडेपाच तास पुढे आहे. पृथ्वी एका तासात १५ अंश फिरते, आपण आपली वेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून धरतो, आणि साडेब्याऐंशी भागिले पंधरा म्हणजे साडेपाच. १९०६ पासून ही वेळ आपल्याकडे आहे. पण राउटरला काय माहीत तो बेसाला बसलाय? त्याच्या `Time Zone` च्या खान्यात कुणी काही निवडलं नाही तर अनेक राउटर जागतिक वेळच धरून चालतात. त्या खान्यात `GMT` असं लिहिलेलं दिसतं.

दादाने ब्राउझरमध्ये `192.168.1.1` टाकून राउटरचं पान उघडलं. (काही राउटरवर हा पत्ता `192.168.0.1` असतो, डब्याच्या खालच्या स्टिकरवर लिहिलेला सापडतो.) तिथे `System` किंवा `Administration` च्या आत `Time` नावाचं पान असतं. त्या वेळी आईच्या भिंतीवरच्या घड्याळात ८ वाजून ११ मिनिटं झाली होती. राउटर दाखवत होता `02:41`. म्हणजे राउटरच्या मते अजून मध्यरात्र होती, आणि मध्यरात्री टीव्ही बंद ठेवायचं काम तो इमानदारीने करत होता. आणि रात्री १० ला, जेव्हा भाचा रिमोट हातात घ्यायचा, तेव्हा राउटरच्या मते दुपारचे साडेचार वाजलेले असायचे. नियम त्या वेळी लागूच नव्हता.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. फरक साडेपाच तासांचाच असेल असं नाही. राउटर चीनच्या वेळेवर, म्हणजे `GMT+08:00` वर असेल तर तो आपल्या अडीच तास पुढे असतो. मग १० ते ६ चा नियम संध्याकाळी साडेसातलाच लागतो आणि पहाटे साडेतीनला सुटतो. घरात बरोबर जेवायच्या वेळी टीव्ही जातो. फरक एका तासाचा निघाला, तर त्याच पानावर `Daylight Saving` ची खूण आहे का ते बघा. भारतात उन्हाळ्यासाठी घड्याळ पुढे-मागे करत नाहीत. ती खूण काढून टाका. थोडक्यात, टीव्ही खरंच बंद होतो ती वेळ आणि नियमातली वेळ, या दोन्हींतला फरक काढला की पुढे कुठे बघायचं ते समजतं.

मात्र ही वेळ मोजताना टीव्हीवर आधीपासून चालू असलेला व्हिडिओ धरू नका. व्हिडिओचा पुढचा थोडा भाग टीव्हीने आधीच उतरवून ठेवलेला असतो, आणि काही राउटर नवीन जोडणीच अडवतात, चालू असलेली तोडत नाहीत. त्यामुळे १० ला नियम लागला तरी सुरू असलेला व्हिडिओ काही वेळ पुढे चालू शकतो. ठरलेल्या वेळी व्हिडिओ बंद करून दुसरा लावून बघायचा. तो लागला नाही, तर नियम लागलाय.

दादाने `Time Zone` मध्ये `GMT+05:30` निवडलं. काही राउटरवर त्यापुढे कोलकाता, चेन्नई, मुंबई, नवी दिल्ली अशी नावं असतात. नागपूर नसतं, शोधू नका. मग शेजारीच एक बटण होतं, `Get from PC`. त्याने तेही दाबलं, म्हणजे लॅपटॉपची वेळ राउटरने घेतली. घड्याळ जुळलं. दुसऱ्या दिवशी आईचे अभंग सहाला सुरू. त्या बटणाकडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही, आणि तिथेच मी चुकले.

पाऊस आला, वीज गेली

ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी जोराचा पाऊस झाला आणि वीस मिनिटं वीज गेली. आमच्या घरी इन्व्हर्टर पंखे-दिवे सांभाळतो, राउटरचा प्लग त्या लायनीवर नाही. ७ वाजून ४० मिनिटांनी वीज आली. फोन सुरू झाले, टीव्ही नाही. आईची मालिका गेली. ८ वाजून १० मिनिटांनी टीव्ही आपोआप सुरू झाला, म्हणून कुणी काही म्हटलं नाही. पण दुसऱ्या दिवशी दुपारी १२ वाजून १० मिनिटांनी तो पुन्हा बंद पडला. आईचा फोन आला, "आता दुपारचाही गेला, पाय!"

मी दादाला ऑफिसात काही विचारण्याऐवजी या वेळी भाच्याला कामाला लावलं. तो शाळेतून आला होता. एक वाजता त्याने मोबाइलवर राउटरचं पान उघडून स्क्रीनशॉट पाठवला. त्यावर होतं:

```
1970-01-01 22:50
```

भाचा म्हणाला, "आत्या, राउटर आजीच्या लहानपणी जाऊन बसला." तसंच झालं होतं.

कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर एक छोटा गोल सेल असतो, वीज गेली तरी घड्याळ चालू ठेवणारा. घरगुती राउटरमध्ये सहसा तो नसतो. वीज गेली की घड्याळही जातं. वीज आल्यावर राउटर कुठून तरी मोजायला सुरुवात करतो, आणि ती जागा बऱ्याचदा १ जानेवारी १९७०, जागतिक वेळेनुसार रात्रीचे बारा ही असते. युनिक्स पद्धतीची कॉम्प्युटरं तिथूनच सेकंद मोजतात, आणि आपले बरेच राउटर लिनक्सवर, म्हणजे त्याच पद्धतीवर चालतात. काही राउटर त्यांचं सॉफ्टवेअर बनलं त्या तारखेपासून सुरू होतात. दिवस वेगळा, गोंधळ तोच.

आता आमच्याकडे `Time Zone` दुरुस्त केलेला होता. म्हणून जागतिक वेळेचे बारा म्हणजे राउटरसाठी पहाटेचे साडेपाच. वीज आली ७:४० ला, आणि त्या क्षणी राउटरच्या मते वाजले होते पहाटेचे ५:३०. नियम सहापर्यंत आहे, म्हणजे टीव्ही बंद. अर्ध्या तासाने, आपल्या ८:१० ला, राउटरचे सहा वाजले आणि टीव्ही सुटला. तिथून सोळा तास पुढे जा. राउटरचे रात्रीचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशीची दुपारचे १२:१० ची वेळ असते. तिथून आठ तास, म्हणजे रात्री ८:१० पर्यंत टीव्ही बंद. एकेक मिनिट जुळलं.

त्यामुळे वीज परत आल्यावर लगेच टीव्ही अडला आणि अर्ध्या तासाने आपोआप सुटला, तर दुसरं काही शोधायच्या आधी राउटरची तारीख बघा.

वेळ राउटरने स्वतः विचारायला हवी

पण वीज तर सगळ्यांकडेच जाते, मग सगळ्यांचे टीव्ही असे का अडत नाहीत? कारण बहुतेक राउटर सुरू झाल्यावर इंटरनेटवरच्या एखाद्या वेळेच्या सर्व्हरला विचारतात, "किती वाजले?" या विचारण्याच्या पद्धतीला एनटीपी म्हणतात. एक-दोन मिनिटांत उत्तर येतं आणि १९७० चं २०२० नंतरचं साल होतं.

आमचा राउटर विचारतच नव्हता. दादाने `Get from PC` दाबलं तेव्हा राउटर `Manual` वर गेला. मला जी वेळ दिली तीच माझी, मी कुणाला विचारणार नाही, असा त्याचा अर्थ. वीज असेपर्यंत हे छान चालतं. दोन आठवडे चाललंही. पहिल्यांदा वीज गेली आणि उघडं पडलं.

मग त्या पानावर `Manual` च्या जागी `Automatic` किंवा `NTP` निवडायचं आणि सर्व्हरच्या खान्यात पत्ता आहे का ते बघायचं. खाना रिकामा असेल किंवा त्यात बंद पडलेला जुना पत्ता असेल, तर `Automatic` असूनही वेळ येत नाही. आम्ही हे दोन भरले:

```
samay1.nic.in
in.pool.ntp.org
```

पहिला आपल्या सरकारच्या राष्ट्रीय माहितीशास्त्र केंद्राचा, म्हणजे एनआयसीचा आहे. दुसरा जगभरातल्या स्वयंसेवकांनी चालवलेल्या सर्व्हरांच्या समूहाचा भारतातला गट. दोन ठेवायचे, एकाने उत्तर दिलं नाही तर दुसरा आहे.

इथे बऱ्याच जणांचा एक गैरसमज असतो. एनटीपी लावलं की `Time Zone` ची गरज नाही, असं वाटतं. तसं नाही. तो सर्व्हर फक्त जागतिक वेळ पाठवतो. आपण भारतात आहोत हे त्याला ठाऊक नसतं आणि तो सांगतही नाही. साडेपाच तास मिळवायचं काम राउटरचंच. म्हणून दोन्ही हवंच: सर्व्हरकडून वेळ, आणि आपल्याकडून `GMT+05:30`. पहिलं नसेल तर दुसरी गोष्ट घडते, दुसरं नसेल तर पहिली.

हे झाल्यावर घड्याळ जुळलं म्हणून उठू नका. मी एकदा तशी उठले होते! खरी परीक्षा अशी: राउटरचा प्लग मुद्दाम काढा, दहा सेकंद थांबा, परत लावा. पाच मिनिटांनी `Time` चं पान उघडा. तारीख-वेळ बरोबर असेल तरच काम झालं. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, तो घेतला तर लहानसहान वीज जाण्याने इंटरनेट तुटत नाही हे खरं. पण घड्याळाचा दोष त्याने झाकला जातो, जात नाही. एखाद दिवशी तीन तास वीज गेली की परत १९७०.

शुक्रवारची रात्र

आता घड्याळ बरोबर होतं, नियम बरोबर होता. भाच्याने दादाला म्हटलं, शनिवार-रविवार तरी सोडा ना पप्पा. दादा राजी झाला आणि नियमात सोमवार ते शुक्रवार एवढ्याच दिवसांवर खुणा केल्या. वेळ तीच, १० ते ६.

शुक्रवारी रात्री १० ला टीव्ही बंद झाला. ठीक. पण १२ वाजता सुरू झाला! आणि रविवारी रात्री सगळे मिळून सिनेमा बघत होते, १० ला काही झालं नाही, आणि १२ च्या सुमारास, शेवट जवळ आला असताना, सिनेमा अडला. सगळ्यांनी माझ्याकडेच बोट दाखवलं.

यात घड्याळाचा दोष नाही. माणसासाठी "शुक्रवारची रात्र" शनिवारी पहाटे संपते. राउटरसाठी शुक्रवार रात्री बाराला संपतो. सोमवार ते शुक्रवार, १० ते ६, हे लिनक्सची फायरवॉल साधारण असं वाचते: या पाच वारांपैकी प्रत्येक दिवशी मध्यरात्रीपासून सकाळी ६ पर्यंत बंद, आणि त्याच दिवशी रात्री १० पासून १२ पर्यंत बंद. म्हणून शुक्रवारी १० ते १२ बंद, शनिवार लागला की मोकळं. आणि रविवारी रात्री बाराला सोमवार लागतो, म्हणून तिथे बंद. हा बिघाड नाही. `iptables` नावाच्या फायरवॉलच्या माहितीपत्रकात असंच एक उदाहरण देऊन इशारा दिलेला आहे, आणि एक सलग काळ धरायचा असेल तर त्यासाठी `--contiguous` असा वेगळा पर्यायही आहे. पण घरगुती राउटरच्या पानावर तो पर्याय सहसा दिसत नाही. काही राउटर सलग काळ धरतात, काही धरत नाहीत, आणि काही तर सुरुवातीची वेळ शेवटच्या वेळेपेक्षा मोठी असलेला नियम घेतच नाहीत.

सगळीकडे चालेल असा उपाय म्हणजे रात्र मधोमध कापायची आणि दोन नियम करायचे. आधी ठरवा की शाळेच्या आदल्या रात्री कोणत्या. रविवार ते गुरुवार. मग पहिला नियम: रविवार ते गुरुवार, रात्री १०:०० ते ११:५९. दुसरा नियम: सोमवार ते शुक्रवार, ००:०० ते ६:००. दोन्ही नियमांतले वार वेगळे आहेत, हे नीट बघा. सगळी मेख तिथेच आहे. ११:५९ ते १२ हे एक मिनिट काही राउटरवर मोकळं राहतं. त्याने कुणाचं बिघडत नाही.

आता कळलं असेल की वेळ १९७० ची झाली की हे आणखी बिघडतं. १ जानेवारी १९७० ला गुरुवार होता. तुमच्याकडे रविवारी वीज गेली आणि राउटरला वेळ मिळाली नाही, तर त्याच्यासाठी तो गुरुवार आहे. सुट्टीचा नियम तो सुट्टीला लावणार नाही.

एवढं केल्यावरही

समजा वेळ बरोबर आहे, वार बरोबर आहेत, आणि तरी टीव्ही कधी नियमाने वागतो, कधी नाही. मग नियम टीव्हीलाच लागलाय ना, ते बघा. राउटर उपकरण ओळखतो ते सहसा त्याच्या मॅक पत्त्यावरून, बारा अक्षर-अंकांचा एक क्रमांक. टीव्हीला असे दोन असतात: वायफायचा एक, लॅन केबलचा दुसरा. वायफायवर असताना नियम लावला आणि नंतर केबल जोडली, तर राउटरसाठी तो नवीन टीव्ही आहे, त्याला नियम नाही. उलट, काही राउटर नियम आयपी पत्त्यावर लावतात, आणि आयपी पत्ते घरातल्या घरात बदलत राहतात. मुलाच्या फोनसाठी लावलेला नियम काही दिवसांनी टीव्हीच्या वाट्याला येऊ शकतो. याची खूण अशी की बंद होण्याची वेळ नियमाप्रमाणेच असते, पण अडणारं उपकरण बदलतं. मग `DHCP` च्या पानावर जाऊन टीव्हीला कायमचा आयपी नेमून द्यायचा. त्या सोयीला `Address Reservation` म्हणतात.

आमच्याकडे इथवर जावं लागलं नाही.

गणपतीला मी बेसाला गेले होते. सकाळी सहाला अभंग सुरू झाले आणि मी पांघरूण डोक्यावर ओढून पडून राहिले. दादा आतून ओरडला, "आई, आवाज कमी कर ना थोडा!" आई म्हणाली, "करून राहिली, करून राहिली." पण केला नाही. दोन महिन्यांपूर्वी हेच वाक्य बोलायची दादाची हिंमत नव्हती आणि ऐकून घ्यायची आईची तयारी नव्हती. कारण तिला खरंच वाटत होतं की मुलाने गुपचूप तिचा टीव्ही बंद केलाय.

राउटरच्या वर आता एक चिठ्ठी चिकटवली आहे. भाच्याच्या अक्षरात दोन्ही नियम, त्यांचे वार, आणि खाली: "लाइट गेली तर आधी तारीख बघा." साडेतीनचं दादाला अजून माहीत नाही. हा भाग तो ऐकतो की नाही, ते आता कळेलच.

तुमच्याकडे टीव्ही असाच कधी अडत असेल तर बंद व्हायची आणि सुरू व्हायची वेळ लिहून मला पाठवा, वीज गेली होती का तेही लिहा. फरक किती निघतो ते आपण मिळून बघू. पुढच्या भागात भेटूच. काळजी घ्या!